चार तासांची टेकडी

दशरथ रोज सकाळी आठला कामाला लागायचा आणि बरोबर बारा वाजता चाळिसावं झाकण पेटीत ठेवायचा. पावणेबारा नाही, बारा-पाच नाही. बारा. सीतापुऱ्यातल्या त्या पंपाच्या कारखान्यात लोक त्याच्यावरून घड्याळं लावत.

निमिषला मात्र या बाराने घाम फुटला होता. साताऱ्याहून फिजिक्स शिकून आलेला हा पोरगा सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होता, आणि मुदत शनिवारी संपत होती. पंपाच्या चाळीस झाकणांना भोकं पाडायला आठ तास, हा हिशेब त्याचा. त्याहून लवकर केलं तर बोनस, हीही योजना त्याचीच. दशरथ चार तासांवर आला तेव्हा त्याचं कौतुक झालं. आता मॅनेजर शेषराव म्हणत होते, "रंगकाम अकराला सुरू झालं तरच माल संध्याकाळच्या ट्रकला लागतो. मला तीन तास हवेत. योजना तुझी, तेव्हा जमवायचंही तूच. नाहीतर शनिवारी सातारा."

"दशरथजी, थोडं लवकर होईल का?" निमिषने विचारलं.

"होईल ना, साब."

"मग करत का नाही?"

"नुकसान होतं, साब."

निमिष हसला. लवकर केल्याने नुकसान? योजनेचा अर्थच उलटा झाला की! पण बुधवारी तो खांबाआड उभा राहिला. साडेअकराला अडतीस झाकणं झाली होती. मग दशरथने ड्रिल पुसलं, तेल घातलं, तंबाखू मळली, एकोणचाळिसावं झाकण नवरीचा चेहरा पाहावा तसं निरखलं. चाळिसावं हातात धरून तो भिंतीवरच्या काट्याकडे बघत राहिला.

"हे काय चाललंय?"

दशरथ दचकला नाही. त्याने खिशातून पगाराच्या दोन चिठ्ठ्या काढल्या. "मार्चमध्ये एकदा साडेतीन तासांत केलं. ही बघा, बोनस सत्तेचाळीस रुपये पंचवीस पैसे. चार तासांचे मिळतात अठ्ठेचाळीस. जास्त धावलो आणि पाऊण रुपया गेला. मतलब, मी काय येडा आहे?"

"चूक असेल क्लार्कची."

"क्लार्क बिचारा तुमच्याच सूत्राने करतो, साब."

निमिष टेबलाशी गेला. सूत्र त्याने पुस्तकातून हौसेने निवडलं होतं: वाचलेल्या तासांना लागलेल्या तासांनी गुणायचं, आठने भागायचं, आणि येतील तितक्या तासांची मजुरी बोनस. ताशी चोवीस रुपये. सहा तास लागले तर छत्तीस. पाच तासांना पंचेचाळीस, चारला अठ्ठेचाळीस, तीनला पुन्हा पंचेचाळीस! कागदावर सुबक टेकडी उभी राहिली, माथा बरोबर चारवर. दिवसाची मजुरी तर कायम, आणि फाउंड्रीतून रोज येतात चाळीसच झाकणं. लवकर मोकळं होऊन दुसरं काम घ्यावं, तर उरलेल्या वेळात होतं फक्त झाडलोट. मग माथा सोडून उतारावर कोण धावेल? ज्या टेकडीचा माथा शोधायला निमिषला दहा सेकंद पुरले असते, ती दशरथ दोन चिठ्ठ्या घेऊन चढून बसला होता.

आता शेषरावांना सांगायचं, म्हणजे आपली चूक आपल्या तोंडाने. दुर्गापुऱ्यातल्या आपल्या भाड्याच्या खोलीतलं सामान किती पिशव्यांत मावेल, याचा अंदाज घेत तो केबिनमध्ये शिरला. मागून दशरथही आला, बोलावलं नसताना.

"सर, चूक माझ्या सूत्रात आहे. वाचलेल्या वेळातला सरळ अर्धा कामगाराचा, अर्धा आपला, असं करू. तीन तासांत केलं तर पाच वाचतात, त्याला अडीच तासांचे साठ रुपये."

शेषरावांनी कागद उलटसुलट पाहिला. "म्हणजे तीन तासांना जुन्यापेक्षा पंधरा रुपये जास्त. हं. एका ट्रकपुढे काही नाही."

"थांबा, साब," दशरथ म्हणाला. "कधी झाकणांचं कास्टिंग कडक येतं, सहा तास लागतात. तेव्हा जुन्यात छत्तीस. नव्यात चोवीसच."

निमिषने बोटांवर मोजलं. बरोबर होतं. हा माणूस आपल्याला नोकरीवर ठेवतोय की घालवतोय, हेच त्याला कळेना. मग नजर कागदावर गेली आणि तो एकदम पुढे झाला.

"सर, चार तासांना दोन्ही रीतींनी अठ्ठेचाळीसच येतात! चारपर्यंत जुनी रीत, चारच्या आत नवी. मधे कुठे खड्डा नाही."

"आणि मी जोरात केलं म्हणून हिशेबातल्या आठ तासांचे सहा करणार नाही ना?" दशरथने शेषरावांकडे पाहिलं. "लिहून द्या."

"अरे, मशीन किंवा पद्धत बदलल्याशिवाय नाही करत बाबा!" शेषराव हसत सुटले. "निमिष, नोटीस लिही. आणि पुढच्या वेळी सूत्र आधी याला दाखव."

"पुढच्या वेळी?"

"शनिवारनंतर. कुठे निघाला होतास?"

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला चाळिसावं झाकण पेटीत पडलं. तपासनिसाने सगळी पास केली. निमिषने कॅल्क्युलेटर काढला.

"त्रेसष्ट," दशरथ हात पुसत म्हणाला.

निमिषने बटणं दाबली. त्रेसष्टच होते. मागे रंगवाला ओरडत होता, कारण अकरा वाजायचे होते आणि त्याचा चहा अजून अर्धाच झाला होता.