कबड्डीला झालेला गोवर

खेळाचे शिक्षक सुजय सरांनी वर्षाच्या नियोजनासाठी चार रंगांची पेनं आणली होती. खेळाला लाल, व्यायामाला निळं, हालचालींच्या कौशल्यांना हिरवं आणि आरोग्याला जांभळं. त्यांतली तीन अजून जशी दुकानातून आली तशीच होती.

मुख्याध्यापिका अनिताबाईंनी तो मोठा कागद टेबलावर पसरला, चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "सर, हा वर्षाचा नकाशा आहे की कबड्डीला झालेला गोवर?"

जून ते मार्च सगळीकडे लाल ठिपके. मध्ये एका कोपऱ्यात 'योगासने (जमल्यास)' एवढंच होतं.

"बाई, रायगडात कबड्डी..."

"रायगडात कबड्डी हाय, मला ठाऊक आहे. माझ्या माहेरी अंगणात रेघा मारलेल्याच असायच्या. पण पाचवी ते सातवीची मुलं वर्षभर एकच खेळ खेळणार? आणि पावसाळ्याच्या चौकटींत हे काय लिहिलंय? 'हवामान ठीक असल्यास'?"

सुजय सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. पेण आणि जिते यांच्या मधलं शाळेचं गाव. जुलैत तिथलं हवामान ठीक असतं ते फक्त बेडकांना. शाळेच्या मैदानाचं तळं होतं आणि गोलपोस्टवर बगळा बसतो, तो काही गोल वाचवत नाही.

"सोमवारी वेळापत्रक पक्कं होणार," बाई म्हणाल्या. "खेळाचे आठवड्याला दोन तास आहेत. पुंडलिक सर एक मागतायत, शिष्यवृत्तीच्या गणिताला. नीट नियोजन नसेल तर दिवाळीपर्यंत देऊन टाकीन. रागावू नका."

पुंडलिक सर दारातच होते. "मी वेळ वाया जाऊ देत नाही एवढंच," ते प्रेमाने म्हणाले. "तुमचं तळं तुम्हालाच लखलाभ."

शनिवारी शाळा सुटल्यावर सुजय सर घरी जायची रोह्याची गाडी सोडून सभागृहात गेले. सभागृह म्हणजे पावसाळ्यात सभागृह नसायचं. शेजारच्या केरूकाकांच्या गणपतींच्या कारखान्यात जागा पुरत नाही, म्हणून दरवर्षी कच्च्या मूर्ती इथे सुकायला येत. आत्ताही त्या ओळीने बसल्या होत्या, पांढऱ्या, बिनरंगाच्या, बिनडोळ्यांच्या, आणि अख्ख्या सभागृहात ओल्या भिंतीसारखा गार वास होता. कौलांवर पाऊस एकाच लयीत पडत होता. सरांनी ओळींच्या मध्ये कागद पसरला, जुलैच्या चौकटीत 'जागा नाही' लिहिलं आणि त्या दोन शब्दांवर डोकं टेकवलं.

"हजर," कोणीतरी म्हणालं.

पहिल्या ओळीतल्या सगळ्यात छोट्या गणपतीने हात वर केला होता. मग बाकीच्यांनीही. उपस्थिती शंभर टक्के होती, अशी शाळेत कधीच झाली नव्हती. सरांना बरं वाटलं. त्यांनी लगेच दोन संघ पाडले आणि शिट्टी मारली. कोणी हललं नाही.

"चढाई करा!" सर ओरडले.

"करतो की," छोटा म्हणाला, "पण आम्हाला वळायला कोणी शिकवलंय का? जन्मापासून एकाच आसनात बसलोय. गुडघा कुठून वाकवायचा, तोल कुठे धरायचा, काही तरी सांगाल की नाय?"

"तुम्ही चपला सांभाळा मग," सर म्हणाले.

सगळ्या मूर्ती एकदम म्हणाल्या, "मनस्वीसारखं?"

सर दचकून जागे झाले. गालावर 'जागा नाही' उलटं उमटलं होतं.

सहावीतली मनस्वी दोन वर्षं खेळाच्या तासाला चपला सांभाळत होती. तिला कबड्डी येत नाही, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. ज्यांना येते ते खेळत आणि ज्यांना येत नाही ते चपलांपाशी बसत. तिला वळायला, वाकायला, अंग चोरून निसटायला कधी शिकवलं होतं? सर आठवू लागले. आठवण्यासारखं काही नव्हतंच.

त्यांनी ओळींच्या मधल्या वाटेकडे पाहिलं. मूर्ती उचलून न्यायला केरूकाकांनी ती पुरेशी रुंद ठेवली होती. मग त्यांनी कागद उलटा केला आणि हिरवं पेन उघडलं.

पावसाळ्यात कौशल्यं आली: तोल, दिशा बदलणं, मोजून पाऊल टाकणं, मोकळी जागा ओळखणं. निळा रंग एका महिन्यात कोंबला नाही. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला थोडा थोडा पसरला. तंदुरुस्तीची चाचणी जुलैत, डिसेंबरात आणि मार्चमध्ये तीच घ्यायची, म्हणजे प्रत्येकाने स्वतःशीच तुलना करायची. धावण्याची तेवढी मैदान वाळल्यावर. जांभळा रंग ऋतूच्या मागे गेला. लावणीच्या दिवसांत चिखलातून आल्यावर पाय धुणं, जखम झाकणं, साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप. सप्टेंबरात वयात येणं आणि मासिक पाळी, मुलामुली दोघांनाही, पुढे 'अनिताबाई?' असं प्रश्नचिन्ह. कापणीच्या वेळी भारा उचलताना पाठ कशी सांभाळायची. मार्चमध्ये ऊन आणि पाणी. लाल रंग दिवाळीनंतर आला: आधी लंगडी, मग खो-खो, मग कबड्डी. पावसात शिकलेलं वळणं तिथे वापरायचं आणि अडेल ते पुन्हा हिरव्यात आणायचं. कबड्डीची चौकट लहान झाली तेव्हा सरांनी तिला मनातल्या मनात नमस्कार केला.

सोमवारी अनिताबाईंनी कागद बराच वेळ पाहिला. "सप्टेंबरचं प्रश्नचिन्ह खोडा, मी घेईन. पण हिरव्याला जागा कुठाय?"

"सभागृहात."

"गणपतींमध्ये?" पुंडलिक सर उठून उभे राहिले. "पोरं मूर्ती फोडतील!"

केरूकाकांना बोलावलं. त्यांनी डोकं खाजवलं. "पळायचं नाय. शिवायचं नाय. आन् येक सोंड जरी तुटली ना सर, तर मी गणपती तुमच्या रोह्याच्या घरी बसवीन. आरतीला शेजारचे मीच धाडीन."

"कबूल," सर म्हणाले. कारखान्याच्या पोरांनी पुढची रांग मागे सरकवून वाट आणखी मोठी केली.

सहावीचा वर्ग अनवाणी आत आला. अनिताबाई, पुंडलिक सर आणि केरूकाका दाराशी उभे राहिले. आधी जागच्या जागी सांधे मोकळे केले, मग एका पायावर उभं राहून दहापर्यंत श्वास, आणि मग एकेक जण ओळींतून निघाला. बाहेर पाऊस, आत नुसता पावलांचा आवाज. मूर्तीपाशी पोचलं की गुडघा वाकवायचा, खांदा आधी वळवायचा, मग पाऊल. मुलं पाण्याखाली चालल्यासारखी चालत होती. मनस्वी सगळ्यात हळू गेली. कुठेच अडली नाही. शेवटच्या मूर्तीला वळसा घालून ती बाहेर आली आणि तिलाच कळेना आता काय करायचं.

"परत जाऊ का?" तिने विचारलं.

"गो पोरी, तू रंगकामाला ये माझ्याकडं," केरूकाका म्हणाले.

"नुसतं नशीब तिचं," पुंडलिक सर म्हणाले. "हे धोक्याचं आहे, मी दाखवतो." आणि ते चपला काढून आत शिरले.

तिसऱ्या वळणावर त्यांचा एक पाय वर राहिला. पुढे एक सोंड, मागे एक कान. त्यांना तो खाली ठेवायला जागा सापडेना आणि वळायचं कसं ते आठवेना. सभागृहात आणखी एक मूर्ती वाढल्यासारखं वाटलं.

"सर, गुडघा वाकवा," मनस्वी म्हणाली. "हात बाजूला. समोर एका ठिकाणी बघा. आता खांदा वळवा. घाई नका करू."

पुंडलिक सरांनी गुडघा वाकवला. छोट्या गणपतीकडे बघत ते हळूहळू वळले आणि त्यांचा पाय जमिनीला लागला. सगळ्या वर्गाने श्वास सोडला.

बाहेर येऊन त्यांनी घाम पुसला. "अनिताबाई," ते म्हणाले, "हा तास राहू दे यांच्याकडे. फक्त मला सांगा, तोल कोणत्या आठवड्यात आहे? मी मागे उभा राहीन."

बाईंनी कागदावर सही केली. दोन्ही तास राहिले.

मग सगळे व्हरांड्यात आले. तिथे पुंडलिक सरांची एकच चप्पल होती. दुसरी तोंडात धरून एक कुत्रा मैदानाच्या तळ्यातून शांतपणे पोहत चालला होता. चपलांपाशी आज कोणीच नव्हतं.

सुजय सरांनी जांभळं पेन काढलं आणि जुलैच्या चौकटीत, 'पाय धुणं'च्या खाली, बारीक अक्षरांत 'अनवाणी चालणे टाळा' असं लिहिलं.