‘चालू कर’ कोण म्हणालं

कारखान्यातल्या एका अपघातावर सुरक्षेची फिल्म करायची होती. पूर्वी आवाज टिपायला माइक घेऊन वणवण फिरणारी ध्वनिमुद्रक, ती आता स्टुडिओत बसून वर्णनं लिहायची आणि एआय टूल त्यावरून आठ सेकंदांचं दृश्य आवाजासकट बनवायचं. माहिती द्यायला कंपनीने फोरमनला पाठवलं होतं. दोन वर्षांपूर्वी रोलर पुसणारा कामगार आत ओढला जाऊन दगावला, तेव्हा हा तिथेच होता.

पहिल्या क्लिपमध्ये ढणढण संगीत आलं. संगीताबद्दल काही लिहिलं नाही की टूल कधीकधी आपल्या मनाचं घालतं, असं सांगून तिने ‘संगीत नाही’ असं टाइप केलं. मग मागे काय ऐकू येत होतं ते विचारलं. फोरमन मान खाली घालून सांगत गेला. पत्र्याखाली पंख्यांची घरघर, लांबवर हातगाडीचं कुरकुरणारं चाक. मशीन बंद, म्हणून फडकं घासल्याचा आवाजसुद्धा.

“मग ‘चालू कर’ असं ऐकू आलं,” तो म्हणाला. तिने ते शब्द अवतरणचिन्हांत टाकले.

नवी क्लिप आली. पंखे, चाक, फडकं, सगळं बरोबर. आणि रोलर पुसणाऱ्यानेच मान वर करून म्हटलं, “चालू कर.”

बोलणारा कोण ते लिहायचं राहिलं, चेहरा एकच दिसतोय म्हणून वाक्य त्याच्या तोंडी गेलं, असं ती म्हणाली. पण चौकशीच्या अहवालातही हेच होतं: मृताने स्वतःच मशीन चालू करायला सांगितलं.

फोरमनने क्लिप पुन्हा लावायला सांगितली. ती संपल्यावर त्याने पडद्यावरच्या पुसणाऱ्याकडे बोट दाखवलं.

“तो काही बोलला नव्हता, ताई. मी बोललो. ऑपरेटरने माझं ऐकून बटण दाबलं. आणि चौकशीत मी त्या गेलेल्या माणसाच्या माथी मारलं.”

तिने लिहिलं: चौकटीबाहेरून, पाठीमागून, पन्नाशीचा पुरुष घाईत, वैतागून म्हणतो, “चालू कर.” पुसणारा काहीच बोलत नाही.

या वेळी आवाज पाठीमागून आला. फोरमनने ती क्लिप मोबाइलवर मागून घेतली.

कंपनीच्या मॅनेजरने ती पाहिली आणि संवाद काढायला सांगितला. हळुवार, उदास पियानो हवा होता. तिने वाद घातला, अहवाल चुकीचा आहे हेही सांगितलं. तो तुमचा विषय नाही, असं उत्तर आलं. घर याच कामावर चालत होतं. तिने लिहिलं: कोणी बोलत नाही, मंद पियानो.

दोन दिवसांनी फोरमनचा फोन आला. तो त्या कामगाराच्या घरी जाऊन आला होता. बायकोने क्लिप दोनदा ऐकली.

“म्हणाली, ‘दोन वर्षं मी त्यालाच बोल लावत होते.’ मग मला जायला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.”

चौकशी पुन्हा उघडा असा अर्ज त्याने दिला होता आणि त्याच दुपारी त्याला कामावरून थांबवलं होतं.

पुढच्या आठवड्यात फिल्म मंजूर झाली, पियानोसकट.