सहा करडे ठिपके

आमच्या खेळातल्या टपालवालीचा डावा पाय गुडघ्याखाली खोटा आहे, कारण माझाही तसाच आहे. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरलं होतं. तेव्हा मालकांनी टेबलावर हात आपटून "वा ताई, हीच तर आपली वेगळी गोष्ट!" असं म्हटलं होतं, आणि ते वाक्य मी विसरणार नव्हते. कौतुक करताना माणसं सढळ असतात. काम वाढायला लागलं की त्यांना हात आखडता घ्यावासा वाटतो.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. मालक, कोड लिहिणारा डुलकी, आणि चित्रांचं बघणारी मी. डुलकीला हे नाव पडलं कारण तो दुपारी जेवल्यावर खुर्चीतच डोळे मिटून बसतो आणि विचारलं की म्हणतो, "विचार करतोय." खेळ साधा आहे. टपालवाली डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत पत्रं वाटत फिरते, पायऱ्या चढते, छपरांवरून उड्या मारते. सगळं बाजूने दिसतं. ती उजवीकडे चालते, नाहीतर डावीकडे. आपल्याकडे तोंड करून ती कधीच उभी राहत नाही.

ती उंचीने बत्तीस ठिपके आणि रंग एकूण आठ. कडा आणि केसांना एकच गडद रंग, कातडीला दोन, गणवेशाला दोन निळे, पिशवी आणि बुटांना एक तपकिरी, पत्रांना एक पांढरट. उरलेला आठवा करडा. तो फक्त त्या पायासाठी राखलेला, दुसरीकडे कुठेही लावायचा नाही, म्हणजे एवढ्याशा चित्रातही डोळ्याला सापडतो. गुडघ्यापर्यंतची विजार, तिच्याखाली एकावर एक सहा करडे ठिपके, खाली बूट. बस्स. पूर्वी मी हे सगळं हाताने करायचे. आता मालकांनी चित्रं बनवणाऱ्या मशीनचं वर्गणीखातं घेतलंय आणि मला म्हणाले, "तुम्ही फक्त सांगायचं, ते करून देईल."

फक्त सांगायचं! मी पहिल्यांदा लिहिलं: कृत्रिम पाय असलेली टपालवाली, पिक्सेल आर्ट, बाजूने. मशीनने मला चकचकीत लोखंडी पायाची, निळे दिवे लावलेली कोणीतरी योद्धी दिली. ती बाजूने नव्हे, अर्धवट वळून माझ्याकडे बघत होती. ठिपके म्हणावेत तर काही मोठे, काही छोटे, कडा पुसट. रंग मोजले तर हजाराच्या वर. दुरून पिक्सेल आर्ट, जवळ गेलं की नुसतं सोंग.

मग मी "रोबोट नको" असं लिहिलं. झालं! दुसरा पायही लोखंडी आला. या मशीनला नको म्हटलेलं बरोबर ऐकू येतं आणि तेच आधी आणून ठेवतं. तिसऱ्या वेळी मी रागाने "डावा पाय" असं ठळक लिहिलं, तर चार चित्रांत दोनदा उजवा खोटा झाला आणि दोनदा दोन्ही पाय धडधाकट. एवढं मात्र खरं की हे मशीन माझ्या आईसारखं आहे. आईलाही वाटतं, माझा पाय कुणाला दिसू नये. शाळेपासून माझ्या प्रत्येक कपड्याची लांबी तिने दोन बोटं वाढवलीय आणि अजूनही फोनवर विचारते, "पायघोळ विजार घातलीस ना गं?" मी हो म्हणते आणि घालतेही, म्हणून स्वतःवर जास्त चिडते.

सोमवारी मालक माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"ताई, गुरुवारी अकरा वाजता प्रकाशकाच्या बाई येतायत. त्यांना चालून दाखवायला पाहिजे. कुठवर आलं?"

"उजवीकडचं उभं चित्र जमलंय. डावीकडचं वेगळं करावं लागेल."

"वेगळं कशाला? उलटवा की. सगळे उलटवतात."

"एका ओळीचं काम आहे," डुलकी डोळे न उघडता म्हणाला. "डावीकडे वळली की चित्र आरशात बघितल्यासारखं फिरवायचं."

"आणि फिरवलं की खोटा पाय डाव्याचा उजव्याला जातो," मी म्हणाले. "ती वळली की पाय बदलते. मला तशी सोय असती तर बरंच झालं असतं."

मालक हसले नाहीत. "अहो, सहा ठिपके आहेत. कोण बघतंय?"

"मी."

"मग असं करा," ते शांतपणे म्हणाले, आणि मला कळलं की हे त्यांनी आधीच ठरवून आणलंय. "पाय काढूनच टाका. दोन्ही सारखे करा. मशीन नाहीतरी दोन चांगले पाय देतंय. गोष्ट तीच राहील. गुरुवारी गडबड नको."

माझं डोकं फिरलं. "मशीन मला विचारून पाय देत नाही, मालक. आणि तुम्हीही विचारत नाही आहात. पाय राहील. दोन्ही बाजूंना डावाच राहील. गुरुवारी सकाळी तयार नसेल तर तुम्ही हवे ते पाय लावा आणि माझं नाव खेळातून काढा."

शेवटचं वाक्य बोलायचं ठरवलं नव्हतं. ते गेलं आणि मी त्याला जाऊ दिलं. मालक म्हणाले, "बघा बुवा," आणि गॅलरीत निघून गेले.

मग मी राग बाजूला ठेवला आणि डोकं लावलं. मशीनला अर्थ सांगून उपयोग नाही, दिसणारं सांगायचं. "कृत्रिम" हा शब्दच काढला. लिहिलं: गुडघ्याखाली सरळ बारीक काठी, एकच सपाट करडा रंग, खाली तपकिरी बूट. डावा-उजवाही काढला. बाजूने बघताना दोनच पाय असतात, बघणाऱ्याच्या जवळचा आणि पलीकडचा. ती उजवीकडे तोंड करून असते तेव्हा डावा पाय पलीकडे असतो, डावीकडे वळली की तोच जवळ येतो. मी स्वतः उठून भिंतीशी दोन्हीकडे उभी राहून बघितलं. इतकी वर्षं हा पाय वागवतेय आणि हे असं कधी मनाशी मांडलं नव्हतं.

मग बाकीच्या अटी. शरीर पूर्ण बाजूने, एकच डोळा दिसेल असं. डोक्यापासून बुटापर्यंत सगळी चौकटीत. सपाट रंग, सावली आणि चढउतार नाहीत हे "नाही" न म्हणता: प्रत्येक भाग एकाच रंगाचा, कडा कोरीव. मागे भडक गुलाबी, म्हणजे कापून काढायला सोपं. सोबत माझं हाताने केलेलं उभं चित्र, नमुना म्हणून. चालण्याच्या सहाही स्थिती एकदम मागितल्या तर तिची उंची दर पावलाला बदलते आणि पिशवी फुगते, म्हणून एकेक मागितली, दर वेळी तोच नमुना जोडून: जवळचा पाय पुढे, टाच टेकलेली. पलीकडचा मागे, बोटांवर.

तरीही मशीन देतं ते मोठं चित्र, एक हजार चोवीस ठिपके रुंद. आपल्या एकेका ठिपक्याचा त्यात बत्तीसचा चौकोन यायला हवा, पण काही सत्तावीसचे, काही पस्तीसचे. म्हणून ते जाळीवर बसवून बत्तीसपर्यंत लहान करायचं, रंगांची सरमिसळ न होऊ देता, आणि प्रत्येक ठिपक्याला आपल्या आठांपैकी जवळचा रंग द्यायचा. मग उरलेलं हाताने निस्तरायचं, कारण कातडीची सावली हमखास करड्यात जाऊन बसते. बुधवारी दुपारी उजवीकडच्या सहा फ्रेम झाल्या. डावीकडे कमरेवरचं अंग उलटवून चाललं, पिशवी पाठीवरच असल्याने तिची अडचण नव्हती. कमरेखालचं पुन्हा केलं.

डुलकीने आपली ती एक ओळ खोडून दोन्ही बाजूंची चित्रं वेगवेगळी लावली. न कुरकुरता. "उडीचं काय, ताई?" त्याने विचारलं. "उडीच्या दोन फ्रेम आहेत, त्या उजवीकडच्याच झाल्यात."

मी थकले होते. पाठ धरली होती, पट्ट्याखाली पाय चुरचुरत होता. "उडी अर्ध्या सेकंदाची," मी म्हणाले. "ती उलटव. कोण बघतंय?"

त्याने ती खोडलेली ओळ उडीपुरती परत लिहिली.

गुरुवारी प्रकाशकाच्या बाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, चहा नको म्हणणाऱ्या. त्यांनी खेळ हातात घेतला आणि टपालवालीला वस्तीतून पुढेमागे फिरवत राहिल्या. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. मग थांबल्या.

"इकडे जाताना पलीकडचा पाय करडा आहे, तिकडे जाताना अलीकडचा. हे बिघडलंय का?"

"हो, ते आम्ही दुरुस्त..." मालकांनी सुरुवात केली.

"बिघडलेलं नाही," मी म्हणाले. "ती वळते. पाय वळत नाही."

त्यांना कळलं नाही. मालकांचा चेहरा उतरला. सांगून समजावता आलं असतं, चित्र काढूनही. पण मला एकदम सगळ्याचा वीट आला, दोन बोटं लांब विजारीचासुद्धा. मी उभी राहिले, तिची डावी बाजू गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिंतीच्या कडेने त्यांच्यासमोरून चालत गेले. करडी काठी, खाली बूट. टोकाला वळले आणि परत आले.

"जाताना तुम्हाला तो पलीकडे दिसला," मी म्हणाले. "येताना अलीकडे. माझा डावाच होता."

डुलकीचे डोळे चांगले टक्क उघडे होते. बाईंनी माझ्या पायाकडे बघितलं, नजर न चोरता, मापं घेतल्यासारखं. मग पुन्हा खेळ हातात घेतला, टपालवालीला डावीकडे वळवलं आणि छपरावरून उडी मारायला लावली. एकदा. दोनदा. मग तिसऱ्यांदा.

"मग उडीत तो उजवा का होतो?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना हसता आलं असतं, आणि तो त्यांचा हक्कच होता. मला तोंडावर चपराक बसल्यासारखं झालं आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की डोळे भरून आले. आजवर माझ्या पायाबद्दल अशी चूक कुणीच काढली नव्हती.

"मी चुकवला," मी म्हणाले. "दोन फ्रेम. वाटलं, कोण बघतंय."

"मी बघतेय," बाई म्हणाल्या. "करा."

मी विजार खाली केली नाही. तशीच जाऊन मशीनसमोर बसले आणि लिहायला घेतलं: डावीकडे तोंड, दोन्ही पाय हवेत, जवळचा पाय करडा.