अक्षरी नऊ लाख

वकिलाची फी वाचवायला वखारवाल्याने करवतयंत्राच्या खरेदीचा दोन भाषांतला करार स्वतःच टाइप केला आणि आठवडाभर फुशारकी मारली. घासाघीस होऊन नऊ लाखांचे आठ ठरले, तेव्हा पठ्ठ्याने दोन्हीकडचे आकडे बदलले, इंग्रजी अक्षरी रक्कमही बदलली. मराठीत मात्र ‘अक्षरी नऊ लाख फक्त’ तसंच राहिलं. वर ऐटीत कलम घातलं, की फरक पडल्यास मराठीतली अक्षरी रक्कम खरी धरावी. सह्या झाल्या, आणि विकणारा आता ओटीवर बसून नऊच मागत होता.

“देवाने जीभ दिली ती नुसत्या बढायांसाठी का हो? सहीआधी एकदा मोठ्यानं वाचायचं होतं,” बायको म्हणाली.

“गप गं. चेकवर आकड्यात नऊ लिहितो, अक्षरी आठ. अक्षरी खरी, घे म्हणावं.”

“बँक तो परत पाठवेल, अहो शहाणे. आणि हा पुन्हा ओटीवर.”

तिने चेकबुक ओढलं, दोन्हीकडे नऊच लिहिलं आणि दोन्ही वाचून दाखवलं.

“करा सही. वकील वीस हजारच मागत होता.”