जुना आधी

गोदामात एकोणचाळीस पोती होती. तांदळाची बावीस, गव्हाची नऊ, डाळींची सहा, साखरेची दोन. तांदळाच्या बावीसपैकी चौदा मागच्या भिंतीला टेकून, थेट फरशीवर. दाराखालच्या फटीत सूनबाईची करंगळी दुसऱ्या पेरापर्यंत गेली. मागच्या थप्पीआड टॉर्च मारला, तर उंदराच्या लेंड्या. त्या तिने शंभरपर्यंत मोजल्या आणि मग नाद सोडला. दाराशी आणखी दोन पोती वेगळी पडली होती. ती सकाळीच टेम्पोतून परत आली होती आणि ती काही तिने मोजणीत धरली नाहीत.

ती परत पाठवली होती वसतिगृहाच्या कोठीवाल्या बाईंनी. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं वसतिगृह होतं. दीडशे ताटं रोज, आणि तांदूळ सगळा याच दुकानातून. बाईंनी फोनवर आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "महिनाअखेरीस मी स्वतः येते," त्या म्हणाल्या. "पाच किलो काढायचा, माझ्यासमोर चाळायचा. एक जिवंत किडा दिसला, तरी मी दुसरं दुकान बघणार. मुलींच्या ताटात किडे आले तर त्या माझं डोकं खातात, तुमचं नाही."

"ही ऑर्डर गेली तर गोदाम ठेवायचं कशाला?" सूनबाईचा नवरा गल्ल्यावरून म्हणाला. "दुकानापुरता माल दुकानात मावतो. जागा सोडून देऊ."

"आणि काका?"

"दादाकडे राहतील. दादा कधीचा बोलावतोय."

दादा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, सहाव्या मजल्यावर राहायचा. काका हे दोघांचे चुलते. लग्न न केलेला माणूस. सगळी हयात या गोदामात गेली. आता गुडघे बोलायचे, नजर अधू झालेली, पण रोज सकाळी दार उघडायचं, स्टुलावर बसायचं, दुकानात काय संपलं ते ओरडून विचारायचं आणि पोतं काढून द्यायचं, हे त्यांचं काम. सहाव्या मजल्यावर त्यांनी काय करायचं? कबुतरं हाकायची?

"महिनाभर मला दे," सूनबाई म्हणाली. "मी बघते."

"तू? तुला गोळ्या-औषधांतलं कळतं. हे धान्य आहे."

"दोन्ही ठेवूनच खराब होतात."

लग्नाआधी ती चार वर्षं औषधांच्या दुकानात होती. तिथे पहिल्याच दिवशी मालकाने शिकवलं होतं: नवीन खोकं आलं की ते मागे, जुनं पुढे, आणि हात नेहमी पुढच्याला. गोदामात उलटं चाललं होतं. दार एकच. हमाल पोती आणायचे ती मोकळ्या जागेत, म्हणजे दाराजवळ, टाकून जायचे. विकताना हाताशी येणार तीच. मागच्या भिंतीकडची पोती महिनोन्‌महिने जागची हलत नव्हती. त्यांच्याआड उंदरांनी बाळंतपणं उरकली होती.

दुसऱ्या दिवशी हमाल बोलावून सगळं गोदाम रस्त्यावर काढलं. काकांनी स्टूलही बाहेर काढलं आणि लग्नाच्या वऱ्हाडाकडे बघावं तसे बघत बसले.

"सूनबाई, भिंतीचा टेका काढून घेतलास तर पोती उभी कशी राहतील? त्यांनाही माझ्यासारखे गुडघे आहेत."

"मधोमध रचायची, काका. भिंतीपासून दोन वीत लांब. उंदीर भिंतीला अंग घासत पळतो. त्याला आडोसा मिळाला नाही की तो थांबत नाही. आणि आपल्याला झाडू घेऊन मागे जाता येतं."

"ते खरं," काका म्हणाले. "तो बघ त्याचा रस्ता." त्यांनी काठीने भिंतीच्या तळाशी दाखवलं. तिथे चुन्यावर बोटभर रुंद तेलकट काळा पट्टा उमटला होता, सरळ, दारापासून कोपऱ्यापर्यंत. सूनबाईने पिंजरा लावायची जागा त्यावरूनच ठरवली.

सुताराने फळ्यांच्या चौकटी ठोकून दिल्या, खालून झाडू जाईल इतक्या उंच. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी बसली. फरशीच्या भेगांतून सांडलेलं धान्य दाभणाने टोकरून काढलं. त्यात अर्धं धान्य, अर्धे किडे. भेगांत सिमेंट भरलं. फाटकी पोती, रिकामी खोकी, कधीतरी लागेल म्हणून जपलेली सुतळीची भेंडोळी, सगळं बाहेर गेलं. सुतळीपाशी काका जरा हळवे झाले.

"ही माझ्या तरुणपणची आहे."

"म्हणूनच तिच्यात उंदराची पिल्लं होती."

"बघ, कुणाच्या तरी उपयोगाला आली."

तांदळाच्या थप्प्या डाव्या हाताला लागल्या, मागच्या भिंतीकडची पोती आता दाराकडे, गहू-डाळी उजव्या हाताला, मध्ये माणूस पोतं घेऊन फिरेल इतकी वाट. प्रत्येक पोत्यापर्यंत हात पोचत होता. शेवटी सूनबाईने काकांना समोर बसवलं.

"आता एकच नियम. जुना आधी. काहीही झालं तरी जुना आधी काढायचा."

"जुना आधी," काका म्हणाले. "कळलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पहिल्याच आठवड्यात पिंजऱ्यात तीन उंदीर सापडले, दुसऱ्यात एक, आणि मग सकाळी फरशीवर लेंडी दिसेना. नवरासुद्धा मागे येऊन, कमरेवर हात ठेवून, "वा" म्हणून गेला. पण किडे हटले नाहीत. सूनबाई रोज दुकानातल्या तांदळाच्या डब्यातून मापटंभर चाळायची आणि रोज चाळणीत सोंडवाले काळे किडे चालताना दिसायचे. डब्यात नवा माल वरून ओतायची सवय तिने मोडली; डबा तळापर्यंत रिकामा करून, पुसून, मगच भरायचा. दोन दिवस बरं गेलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार.

"काकांना दिसत नाही आता," नवरा हळू आवाजात म्हणाला. "हाताला येईल ते काढत असतील. मी दादाशी बोलू का?"

"चार दिवस थांब."

तिला राग आला होता, आणि तो कोणाचा ते ठरत नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तशी ती गोदामाच्या दारात जाऊन उभी राहिली. नवऱ्याने दुकानातून हाक दिली, "काका, तांदूळ!" काका उठले. पहिल्या थप्पीपाशी थांबले, पोत्याला हात लावला, मान हलवली, पुढे गेले. दुसरीपाशी तेच. मग पार टोकाच्या थप्पीवरचं पोतं दोन्ही हातांनी ओढू लागले. कण्हत होते, पण सोडत नव्हते.

"काका! हे का? ते दाराजवळचं का नाही?"

"ते नवं आहे." काकांनी दम घेतला. "तूच म्हणालीस ना, जुना आधी? मी एक दिवस चुकलेलो नाही. गुडघ्यांना विचार."

"नवं? काका, ते तर मार्च महिन्यात आलेलं. हे तुम्ही ओढताय ते मागच्या सोमवारी आलं!"

"सोमवारी येऊ दे नाहीतर आज येऊ दे. हा जुना तांदूळ आहे." त्यांनी शिवणीतून दोन दाणे काढून तिच्या तळहातावर ठेवले. "बघ, पिवळसर पडलाय, दातांखाली कट्‌ वाजतो. गिरणीवाल्याने वर्षभर मुरवून पाठवलाय. आणि तो दाराजवळचा नवा, या हंगामाचा. शिजवला की गिच्च होतो. नवा तो नवा. दहा वर्षं पडून राहिला तरी या घरात त्याला कोणी जुना म्हणणार नाही."

सूनबाई दाण्यांकडे बघत राहिली. औषधांच्या दुकानात जुनं म्हणजे आधी आलेलं, दुसरा अर्थच नव्हता. इथे गिऱ्हाईक रोज तिच्याच तोंडावर विचारत होतं, "जुना तांदूळ आहे का?" आणि ती रोज "आहे" म्हणत होती. दोन आठवडे या माणसाने दुखऱ्या गुडघ्यांनी तिचा नियम शब्दशः पाळला होता. ताजी आलेली पोती टोकाकडून ओढून आणली होती आणि मार्चमधली सहा पोती शिस्तीत जागेवर ठेवली होती. उन्हाळ्याच्या उबेत एका दाण्यातून किडा निघायला महिना पुरतो, आणि निघाला की तो शेजारच्या पोत्यात चालत जातो.

"चूक माझी," ती म्हणाली.

"चूक नाही, भाषा," काका म्हणाले. "औषधवाल्यांची बोली वेगळी. आधी आलेला आधी, असं म्हणायचं होतंस. ते मला अर्ध्या झोपेत कळलं असतं." मग पुतण्या बसला होता त्या दुकानाकडे बघत त्यांनी विचारलं, "त्याला सांगणार आहेस?"

"काय सांगू? काका सांगितलं तेवढंच करतात, एवढंच ना?"

काका हसले तेव्हा त्यांना खोकला आला.

मार्चची सहाही पोती त्याच संध्याकाळी गोदामाबाहेर गेली. कोंबड्या पाळणारा घेऊन गेला. त्याच्या कोंबड्यांना किड्यांसकट चाललं असतं. ज्या चौकटींवर ती होती, त्या उलट्या करून खरवडल्या, दोन दिवस उन्हात ठेवल्या. त्यांना लागून असलेल्या पोत्यांत पोकळ सळई खुपसून नमुने काढले. एकात किडा निघाला, तेही गेलं. आणि नियम बदलला. जुना-नवा हे शब्द गोदामात बंद. पोतं आत आलं की त्यावर खडूने आकडा घालायचा, आल्याच्या क्रमाने. तांदूळ कुठल्या जातीचा, मुरलेला की ताजा, ते शेजारी बारीक अक्षरात. प्रत्येक प्रकारात सगळ्यांत लहान आकडा आधी बाहेर.

"डॉक्टरकडे नंबर लावतात तसं," काका म्हणाले. "फक्त आकडे मोठे काढ. माझा नंबर कधी येतो ते मला दिसायला हवं."

तिने वीतभर उंच आकडे काढले. गिरणीकडून माल आला की आता काका हमालांवर ओरडायचे, "दाराशी टाकायचं नाही! रांगेच्या शेवटी! लाच देऊन पुढे घुसायला हे काय ऑफिस आहे?" हमाल शिव्या देत पोती टोकाला नेत. एकदा नवऱ्याने घाईत दारापाशी पोतं टेकवलं, तर काकांनी त्यालाही सोडलं नाही.

महिनाअखेरीस कोठीवाल्या बाई आल्या. हातात स्वतःची चाळणी होती, दुकानातल्या चाळणीवर त्यांचा विश्वास नव्हता. सूनबाईने स्टूल पुढे केलं, त्या बसल्या नाहीत. चौकटींखाली वाकून बघितलं, थप्प्यांमागच्या मोकळ्या वाटेतून एक फेरी मारली, पत्र्याच्या पट्टीला चपलेचं टोक लावून पाहिलं. नवरा दारात उभा होता.

"कुठलं पोतं काढू?" काकांनी विचारलं.

"तुम्ही एरवी कुठलं काढता?"

"अठ्ठेचाळीस. त्याचा नंबर आहे."

"मग तेच काढा."

काकांनी अठ्ठेचाळीस नंबरचं पोतं काढलं, शिवण उसवली. वरून एक किलो, मधून दोन, तळातून दोन, असा पाच किलो तांदूळ बाईंनी स्वतः काढून घेतला. पांढऱ्या चादरीवर, उजेडात, थोडा थोडा करून चाळला. चाळून झाल्यावर चादरीवर दोन चमचे कणी उरली, एक मेलेला किडा, आणि जिवंत एकही नाही.