घरांमध्ये माणसे असतात

"शब्दांची शेपटं तपासशील, पण वाक्यंही वाचत जा हं," संपादक पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, घ्या, आता मला वाचायला शिकवणार!

नव्याने मराठी शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी सरावाची पुस्तिका निघणार होती. माझ्याकडे अनेकवचनाचा धडा होता. मूल, मुले, मुलांना. घर, घरे, घरांमध्ये. निवृत्त झालेल्या एक बाई तीन-चार शब्दांची वाक्यं लिहायच्या, हिरव्या शाईत, आणि रोज सकाळी वहीच्या पानाचा फोटो पाठवायच्या. मी शब्दांची शेपटं बघायची. सामान्यरूप बरोबर आहे ना, प्रत्ययाआधीचा अनुस्वार सुटला नाही ना.

लेक आठ महिन्यांची. ती झोपली की मी कामाला बसायचे, आणि दर दहा मिनिटांनी उठून तिच्या नाकाखाली बोट धरायचे. श्वास लागला की परत खुर्चीवर. नवरा आठला जायचा तो आठलाच यायचा. मधल्या बारा तासांत माझ्याशी बोलणारं मोठं माणूस म्हणजे बाई. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायच्या, पण भेट एकदाच झाली होती, काम ठरवायला गेले तेव्हा.

पहिल्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, 'मांजरांनी उंदरांना पत्रे लिहिली.'

मी फोन केला. "बाई, हे कसं चालेल?"

"का गं? प्रत्यय चुकलाय?"

"नाही, पण मांजरं..."

"मग तुझ्या का पोटात दुखतंय? मुलांना हसू येऊ दे की."

"बाई, शिकणारी मुलं नाहीत, मोठी माणसं आहेत."

"त्यांना तर कुणी हसवतच नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी अर्थाच्या वाटेला गेले नाही. शेपूट बघायचं, बरोबरची खूण करायची, पुढे जायचं.

शेवटच्या आठवड्यात, सोमवारी आलं: 'शेजाऱ्यांनी घरे विकली. खिडक्यांना आता पडदे नाहीत.' बरोबर.

मंगळवारी: 'पायांना सूज आहे. चपलांमध्ये पाय जात नाहीत.' बरोबर. 'चपलांमध्ये' झकास, असंही मी लिहिलं.

बुधवारी: 'गोळ्यांची पाकिटे संपली. पायऱ्यांवरून उतरता येत नाही. भिंतींना धरून चालते. मुलांना कळवले नाही. मुलांना त्यांची कामे आहेत.' पाचही बरोबर. 'मुलांना' दोनदा आलंय, एक बदला, एवढंच मी कळवलं. शिवाय 'घरांमध्ये' अजून कुठेच आलं नव्हतं, त्याची आठवण केली.

गुरुवारी दोनच वाक्यं आली. अक्षर तिरकं गेलं होतं. 'घरांमध्ये माणसे असतात. माझ्या घरात मी असते.'

पहिल्यावर मी खूण केली. दुसऱ्यापुढे लिहिलं, 'एकवचन. धड्यात बसत नाही.' आणि पाठवून दिलं.

शुक्रवारी फोटो आला नाही. दुपारपर्यंत मी चिडले होते. संध्याकाळी धडा द्यायचा, आणि बाईंचा पत्ता नाही! दोन निरोप टाकले. लेकीने दात येण्याच्या निमित्ताने घर डोक्यावर घेतलं होतं. मांडीवर घेतलं तरी थांबेना. हाताशी काही नव्हतं म्हणून मी आठवड्याची पानंच तिला गोष्टीसारखी वाचून दाखवायला लागले, हेल काढून.

"पायांना सूज आहे. चपलांमध्ये पाय जात नाहीत..."

लेक गप्प झाली. "गोळ्यांची पाकिटे संपली," मी वाचलं. पुढचं वाक्य मी मनातच वाचलं, आणि मग सोमवारपासूनची सगळी पुन्हा. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

तिला कडेवर घेतलं आणि तशीच निघाले. दोन गल्ल्या. बाईंच्या शेजारच्या दोन्ही दारांना कुलपं. बेल वाजवली, हाका मारल्या. आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. खालच्या दुकानातल्या माणसाने कडी उचकटली. बाई पलंगाशेजारी जमिनीवर होत्या, सकाळपासून. डोळे उघडे. वही हाताला लागेल अशी, पण फोन टेबलावर.

"आलीस?" त्या म्हणाल्या. ओठ कोरडे पडले होते. "एकवचन... खोडलं गं मी."

मी त्यांच्या नाकाखाली बोट धरलं. बोलत होत्या तरी धरलं.

दवाखान्यात त्या तीन आठवडे होत्या. मुलांना मीच बाईंच्या फोनवरून कळवलं. मुलं आली, दोघंही कावरीबावरी. "आई काही बोललीच नाही हो," थोरला म्हणाला. माझ्याकडे तर लिहून आलं होतं.

ते बाईंना घेऊन गेले. कुठल्या गावाला ते गडबडीत मी विचारलं नाही, आणि आता बाईंचा फोन बंद लागतो. धडा छापला गेला. घरात मी, लेक, आणि तेच बारा तास.

तुमच्या गल्लीत एखादी उंच म्हातारी बाई नव्याने राहायला आली असेल, हिरव्या शाईने लिहिणारी, दिवसा एकटीच घरी असणारी, तर एकदा दार वाजवा. बऱ्या आहेत म्हणाल्या तरी आत जा, पायांकडे बघा. आणि त्यांच्या वहीतलं शेवटचं पान नीट वाचा.