कॅमेऱ्यात न आलेल्या गाद्या

"फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी! अगं सूनबाई, मी काय नको ते चाळे केले का?"

मोबाइल नाचवत सासरे स्वयंपाकघरात आले, तेव्हा सूनबाईने आलेलं हसू कसंबसं गिळलं. माणूस साधा नव्हता. उमेदीची अठ्ठावीस वर्षं त्यांनी सर्कशीत झुल्यावर लोंबकळून काढली होती. आता सदुसष्टाव्या वर्षी नातीने, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या चिऊने, त्यांना व्हिडिओचा नाद लावला होता. गेल्या आठवड्यात छातीएवढ्या कुंपणाच्या भिंतीवर उभं राहून, हाताची घडी घालून, आजोबा ओंडक्यासारखे सरळ मागे पडले आणि चिऊने ते टिपलं. सूनबाई घरी असती तर तिने भिंतीवर चढूच दिलं नसतं. पण ती नव्हती, आणि चार दिवसांत तो व्हिडिओ सहा लाख लोकांनी पाहिला. पाचव्या दिवशी त्यावर वयाची अट लागली. अठराच्या आतल्यांना, किंवा लॉगिन न केलेल्यांना, तो दिसेनासा झाला.

गंमत म्हणजे ज्या कंपनीच्या ॲपवर तो व्हिडिओ होता, सूनबाई तिथेच नोकरीला होती. लोकांनी तक्रार केलेले आणि यंत्राने संशयाने बाजूला काढलेले व्हिडिओ दिवसभर बघायचे आणि ठरवायचं: राहू द्यायचा, वयाची अट घालायची की काढून टाकायचा.

"तुझ्याच हातातलं काम ना? मग काढ की तो शिक्का."

"मामंजी, घरच्या माणसाचं प्रकरण आम्हाला हातात घेता येत नाही. अपील करा, दुसरं कुणीतरी तपासेल."

"म्हणजे घरचा वैद्य असून औषध बाहेरूनच आणायचं!"

"अहो, मुरलेल्या माणसाने कसरत केली तर तो व्हिडिओ लगेच काढत नाहीत. पण दहा वर्षांच्या पोराला त्यातला कसबी कोण आणि शेजारचे आजोबा कोण, हे कसं कळणार? म्हणून वयाची अट."

"आमच्या वेळी पोरं झाडावरून पडायची. कुणी झाडाला वयाची अट घातली नव्हती," असं म्हणत मामंजींनी चिऊकडून अपील करवून घेतलंच.

सूनबाई ऑफिसात पोचली, डबा खणात टाकला आणि कामाला बसली. तिच्या पडद्यावर व्हिडिओ काळेपांढरे आणि मुके दिसत. दिवसभर नको ते बघायचं, तर मनाला तेवढाच आडोसा. हवा तेव्हा आवाज लावता येई.

तिसऱ्या व्हिडिओत एक मुलगा बाकावर उभा होता. हाताची घडी. मागे पडला, उठला, हसला. खाली लिहिलं होतं, 'ओंडका चॅलेंज'. पुढच्यात दोन मुली, गच्चीच्या कठड्याजवळ.

सूनबाईने लगेच ओळखलं. ही घडी, हे सरळ पडणं तिच्या घरातून निघालेलं होतं.

नियम तिला तोंडपाठ होता. लहान मूल धोक्याची कसरत करत असेल तर व्हिडिओ काढायचा, मग त्यात कुणाला लागलेलं असो वा नसो. नवे लोक हमखास विचारत, की पोरगं हसतंय ना, मग का काढायचा? ती सांगे, या पोराचं निभावलं, पण हे बघून जे करायला जाईल त्याचं निभावेलच असं नाही.

तिने दोन्ही काढले. त्यानंतरच्या व्हिडिओत नऊ-दहा वर्षांची मुलगी एका शेडच्या छपरावर उभी होती. हाताची घडी घातली, मागे कलली आणि ती हवेत असतानाच व्हिडिओ संपला.

सूनबाईने पुन्हा लावला. पुन्हा तिथेच संपला. आवाज लावला, तर नुसती मुलांची किंकाळी. ती आनंदाची की भीतीची, काही कळेना.

जिवाला धोका असू शकतो, अशी खूण करून तिने तो व्हिडिओ तातडीच्या टीमकडे पाठवला आणि उठून थेट टीम लीडकडे गेली.

"सर, या सगळ्याच्या मुळाशी जो व्हिडिओ आहे, तो माझ्या सासऱ्यांचा आहे."

टीम लीडने चष्मा काढला. "सांगितलंत ते बरं केलंत. मूळ व्हिडिओ, त्याचं अपील आणि या नकला, सगळं दुसऱ्या गटाकडे देतो. तुम्ही यातलं आता काही उघडू नका."

"आणि ती मुलगी?"

"कळलं की सांगतो."

पुढचे तीन तास तिने दुसऱ्याच कसल्या कसल्या तक्रारी निपटल्या, पण डोळ्यांपुढे ती हवेतली पोर होती. डबा तसाच राहिला. इकडे धोरण ठरवणाऱ्यांनी भराभर पावलं उचलली. 'ओंडका चॅलेंज' कुणालाही आपोआप सुचवायचं बंद झालं, ते नाव शोधलं की आधी धोक्याची सूचना दिसू लागली, आणि सारखे दिसणारे व्हिडिओ हुडकून तपासायला घेतले गेले.

चारच्या सुमाराला टीम लीड स्वतः तिच्या टेबलाशी आले. चेहऱ्यावर हसू होतं.

"पोरगी ठणठणीत आहे! त्याच खात्यावर दुसरा भाग सापडला. खाली गवताचा ढीग होता. कोपर खरचटलंय, आणि आईने तिला असं फैलावर घेतलंय की विचारू नका. तेही सगळं व्हिडिओत आलंय."

"मग तो..."

"काढला. दोन्ही भाग काढले."

सूनबाई उठून बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि दोन मिनिटं मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन आली आणि थंडगार डबा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

घरी आली तर मामंजी मोबाइल हातात धरून खुर्चीत बसलेले. अपिलाचं उत्तर आलं होतं. व्हिडिओ काढला होता. पहिलीच वेळ म्हणून खात्याला नुसती ताकीद दिली होती.

"अट काढा म्हणायला गेलो, तर व्हिडिओच गेला," ते म्हणाले. "लिहिलंय, बघणाऱ्याला नक्कल करायला चिथावलंय. मी कुणाला चिथावलं?"

चिऊने मान खाली घातली. "खाली मी लिहिलं होतं आजोबा. 'जमतंय का? करून दाखवा!'"

"मुलांनी नकला केल्यात, मामंजी," सूनबाई जपून म्हणाली. "यापेक्षा जास्त मला सांगता यायचं नाही."

म्हातारा ताडकन उठला. "कुणाला लागलं?"

"मी पाहिलं त्यात कुणालाही फारसं नाही."

"पण मी तर चार गाद्या टाकल्या होत्या गं!"

चिऊने मोबाइलमधला व्हिडिओ लावला. मामंजींनी तो तीनदा पाहिला. भिंत दिसत होती, ते दिसत होते. गाद्या कॅमेऱ्यात कुठेच नव्हत्या.

"पोरांना वाटलं असणार, म्हातारा दगडावर पडला आणि कपडे झटकून उठला," ते हळूच म्हणाले. "मला सर्कशीत पहिली दोन वर्षं नुसतं पडायला शिकवलं होतं. जाळीत नीट पडता येईपर्यंत झुल्याला बोट लावू दिलं नाही." त्यांनी मोबाइल चिऊच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "नशीब पोरांचं. आणि माझंही."

रविवारी त्यांनी नवा व्हिडिओ केला. भिंत नाही, उडी नाही. जमिनीवर गादी, गादीवर मामंजी. चालताना तोल गेला तर हनुवटी छातीला कशी लावायची, डोकं कसं वाचवायचं, हे त्यांनी बसल्या बसल्या आपल्या वयाच्या लोकांना दाखवलं. चिऊने गादीची चारही टोकं येतील एवढं लांब उभं राहून चित्रण केलं. खाली काय लिहायचं, हे तिने आधी आईला विचारलं.

आठवडा झाला तरी त्यावर ना अट आली ना ताकीद.

"पण आजोबा, सहा लाखांवरून आपण अकराशेवर आलोय," चिऊ जेवताना कुरकुरली.

"अगं, आमच्या तंबूत हजार माणसं मावायची," मामंजी म्हणाले. "म्हणजे हाउसफुल्ल होऊन वर शंभर बाहेर उभे!"

सूनबाईला असा ठसका लागला की तिला पाणीच द्यावं लागलं.